वाघाचे ते पाय नेमके कुणाचे? कवितेचा कच्चा खर्डा आणि छापलेली कविता शेजारी ठेवून वाचताना

विल्यम ब्लेकची 'द टायगर' कविता पूर्ण वाचली नसली तरी 'टायगर टायगर बर्निंग ब्राइट' एवढं बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. कविता छोटी आहे, सहा कडवी, प्रत्येकात चार ओळी, आणि सगळे प्रश्नच प्रश्न: रात्रीच्या जंगलात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या या वाघाला घडवलं कोणी, कुठल्या हातानं, कुठल्या भट्टीत? पण तिसऱ्या कडव्याच्या शेवटी एक ओळ आहे ती नीट वाचली तर अडखळायला होतं. त्या दोन ओळींचा साधा अर्थ असा: आणि तुझं हृदय धडधडायला लागलं तेव्हा, कुठला भयंकर हात? आणि कुठले भयंकर पाय?

बस, एवढंच. क्रियापदच नाही. हात काय करतोय, पाय कशासाठी आलेत, आणि हे पाय आहेत कुणाचे, वाघाचे की वाघ घडवणाऱ्याचे? मी कित्येक वर्षं ते वाघाचेच पाय धरून चाललो होतो कारण कविता वाघावर आहे म्हणजे पायही त्याचेच असणार असं सरळ डोक्यात होतं. मग त्या कवितेचा हातानं लिहिलेला ड्राफ्ट बघितला आणि कळलं की ही ओळ मुळात अर्धी आहे, तिचा उरलेला अर्धा भाग ब्लेकनं स्वतः खोडलाय.

म्हणजे ड्राफ्ट आणि फायनल शेजारी ठेवून वाचायचं म्हणजे काय हे मला या एका कवितेवरूनच सांगायचंय, कारण तिच्यात जवळपास सगळं सापडतं.

आधी सामान काय आहे ते बघू. ब्लेकची एक वही आहे. ती आधी त्याच्या धाकट्या भावाची, रॉबर्टची होती, रॉबर्ट 1787 मध्ये वारला आणि वही ब्लेककडे राहिली, तो तिच्यात चित्रं, कविता, नोंदी सगळं कोंबत गेला. पुढे 1847 मध्ये ती कवी-चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेट्टीनं विकत घेतली, म्हणून अभ्यासक तिला रोझेट्टी मॅन्युस्क्रिप्ट पण म्हणतात, आणि आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 'द टायगर'चा कच्चा खर्डा या वहीतल्या समोरासमोरच्या दोन पानांवर आहे. छापलेली कविता आली 1794 मध्ये, 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स' या संग्रहात. त्याआधी 1789 मध्ये 'साँग्ज ऑफ इनोसन्स' आला होता, ज्यात कोकरावरची 'द लॅम' ही कविता होती, ते कोकरू पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता खर्डा वाचताना पहिली चूक जी जवळजवळ प्रत्येकाकडून होते, ती म्हणजे खर्ड्याला एकच एक मजकूर समजणं. 'ड्राफ्टमध्ये अमुक होतं, फायनलमध्ये तमुक झालं' असं आपण पटकन म्हणतो, पण वहीच्या एका पानावर तीन-चार वेळांची कविता एकावर एक बसलेली असते. शब्द लिहिला, खोडला, वर दुसरा लिहिला, तोही खोडला, परत पहिलाच घातला. म्हणून मी काय करतो तर आधी पानाचा फोटो बघून स्वतः उतरवून काढतो, खोडलेला शब्द खोडलेलाच ठेवतो आणि वर लिहिलेला वरच लिहितो, समासात आकडे-खुणा असतील तर त्याही. पुस्तकात छापलेलं तयार ट्रान्सक्रिप्शन मिळतं, ते मदतीला जवळ ठेवायचंच कारण जुनं अक्षर लागता लागत नाही, पण त्या संपादकानं कुठला शब्द आधीचा आणि कुठला नंतरचा हे ठरवून टाकलेलं असतं आणि ते ठरवणं कधी कधी चुकीचंही असू शकतं, दोन संपादकांची ट्रान्सक्रिप्शन्स शेजारी ठेवली की लगेच दिसतं. ओळखायची खूण साधी आहे: ओळीतच पुढे सलग लिहिलेला शब्द म्हणजे त्या क्षणीच बदललेला, आणि ओळीच्या वर किंवा समासात घुसवलेला म्हणजे बहुतेक करून नंतर परत येऊन बदललेला. 'बहुतेक' हा शब्द महत्त्वाचा आहे.

आता त्या पायांकडे येऊ.

खर्ड्यात तिसरं कडवं छापील कडव्यासारखंच आहे, तीच ओळ, 'व्हॉट ड्रेड हँड अँड व्हॉट ड्रेड फीट'. पण तिथे वाक्य संपत नाही, पुढच्या कडव्यात वाहत जातं, आणि ते पुढचं कडवं 'कुड फेच इट फ्रॉम द फर्नेस डीप' असं सुरू होतं. म्हणजे पूर्ण वाक्य असं: कुठला भयंकर हात आणि कुठले भयंकर पाय ते (म्हणजे ते हृदय) खोल भट्टीतून उचलून आणू शकले? झालं, क्रियापद सापडलं. हात उचलतो आणि पाय चालत भट्टीपर्यंत जातात. पाय वाघाचे नाहीतच, घडवणाऱ्याचे आहेत! त्याच्या पुढे ते हृदय वाघाच्या भेसूर बरगड्यांत, रक्तरंजित दुःखाच्या विहिरीत बुडवण्याची गोष्ट येते, आणि मग तुझे संतापाचे डोळे कुठल्या मातीत, कुठल्या साच्यात फिरवून घडवले असा प्रश्न. हे अख्खं कडवं ब्लेकनं खोडलं. पण त्याच्या वरची ओळ, जी या कडव्यावर उभी होती, ती जशीच्या तशी ठेवली.

म्हणजे आज छापील कवितेत जी ओळ इतकी गूढ वाटते, धाप लागल्यासारखी तुटते, 'कुठला हात? कुठले पाय?', ती तशी लिहिली गेली नव्हती, तशी *उरली* होती.

कडवं का खोडलं असेल? इथे सगळ्यात जास्त मोह होतो एखादं भारी कारण सांगायचा, की बघा ब्लेकला रक्तपात नको होता, त्याला गूढता हवी होती वगैरे. असेलही. पण आधी ते खोडलेलं कडवं नुसतं मोजून बघा. त्यात पाच ओळी आहेत. बाकी सगळ्या कवितेत चार-चारच्या चौकटी आणि दोन-दोन ओळींची यमकं. या पाच ओळींत 'डीप' आणि 'स्टीप' जुळतं, शेवटी 'मोल्ड' आणि 'रोल्ड' जुळतं, आणि मधे 'वो' हा शब्द एकटा पडलाय, त्याला जोडीदारच नाही. म्हणजे ब्लेक तिथे अडकला होता. कडवं भरेना, एक ओळ जमेना, आणि पाच ओळींची सहा करायची म्हटलं तर चौकट मोडणार. त्यामुळे कडवं अर्थासाठी गेलं की कारागिरीत फसलं म्हणून गेलं, की दोन्ही, हे पान आपल्याला सांगत नाही. मला स्वतःला वाटतं की सुरुवात अडकण्यापासून झाली असणार, आणि खोडल्यावर त्यानं जे उरलं ते वाचून बघितलं असेल आणि ते जास्त चांगलं वाटलं असेल. पण हे माझं वाटणं आहे, पुरावा फक्त एवढाच की एक ओळ बिनजोडीची आहे आणि कडव्यावर काट आहे.

बदल *काय* झाला हे खर्डा दाखवतो, त्याचा *परिणाम* काय झाला हे आपण दोन्ही मजकूर वाचून तपासू शकतो, पण *का* केला हे तिसरं आहे आणि ते जवळपास कायम अंदाजच असतं. या तिन्हीची सरमिसळ झाली की लेखन घसरतं. मी तर वहीत तीन रकानेच आखतो, आणि तिसऱ्या रकान्यात पेन्सिलनं लिहितो म्हणजे खोडता येतं.

दुसरा बदल घेऊ, हा एका शब्दाचा आहे पण मला फार आवडतो. वहीत एका टप्प्यावर वाघाच्या डोळ्यांबद्दल ब्लेकनं लिहिलंय की दूरच्या खोल जागी किंवा आकाशात तुझ्या डोळ्यांची *क्रूर* आग जळत होती, 'द क्रूएल फायर ऑफ दाइन आइज'. हे विधान आहे, सांगून मोकळं. छापील कवितेत त्याचा प्रश्न झालाय, *कुठल्या* दूरच्या खोल जागी किंवा आकाशात तुझ्या डोळ्यांची आग जळत होती? आणि 'क्रूएल' गायब.

आता नीट बघा काय झालं. आधी 'बर्न्ट' हा शब्द पहिल्या ओळीच्या तोंडाशी होता. प्रश्न करायचा तर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला 'इन व्हॉट' बसवायला लागणार, मग 'बर्न्ट' खाली दुसऱ्या ओळीत ढकलला गेला, आणि तो जिथे येऊन बसला तिथे आधी 'द क्रूएल' होतं. म्हणजे एका बदलानं दुसऱ्याला धक्का दिला. छोट्या मापाच्या ओळीत जागाच तेवढी असते, एक आला की एकाला उठावं लागतं. म्हणून 'ब्लेकनं क्रूर शब्द काढला' असं सुटं वाक्य लिहिण्याआधी शेजारी काय हललं ते बघायला पाहिजे.

पण तरीही, एकच शब्द असता तर मी जागेचं कारण देऊन सोडून दिलं असतं. इथे एकापेक्षा जास्त गेलेत: 'क्रूएल' गेला, खोडलेल्या कडव्याबरोबर 'आइज ऑफ फ्युरी' म्हणजे संतापाचे डोळे गेले. आणि राहिलं काय? 'फिअरफुल' राहिला, 'ड्रेड' राहिला, 'डेडली टेरर्स' राहिला. सगळेच भीतीचे शब्द की, मग फरक काय? फरक असा की क्रूर आणि संतप्त हे वाघाच्या *स्वभावाबद्दल* बोलतात, वाघ आतून कसा आहे ते सांगतात. भयंकर, भीतिदायक हे *बघणाऱ्याला* काय होतं ते सांगतात. छापील कवितेत वाघाच्या मनात काय आहे याबद्दल एक शब्दही उरलेला नाही, फक्त त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाची भीती आहे. वाघ क्रूर आहे हे एकदा सांगून टाकलं असतं तर शेवटी येणारा प्रश्न, की असा प्राणी घडवणारा कोण, आधीच अर्धा सुटला असता. तो आता सुटत नाही.

या वाचनात एक गोष्ट बसत नाही तीही सांगायला हवी. बरगड्यांना लावलेला 'हॉरिड' हा शब्दही गेलाय आणि तो तर बघणाऱ्याच्याच बाजूचा आहे. तो अख्ख्या कडव्याबरोबर गेला म्हणून मी त्याला मोजत नाही, पण मग त्याच न्यायानं 'आइज ऑफ फ्युरी'लाही जास्त वजन देता येत नाही. म्हणजे माझा मुद्दा मुख्यतः 'क्रूएल' वर आणि फायनलमध्ये जे *नाही* त्याच्यावर उभा आहे. न बसणारा पुरावा असा उघडा मांडला की वाचणाऱ्यालाही कळतं कुठवर विश्वास ठेवायचा.

आता पाचवं कडवं, ज्यात ताऱ्यांनी भाले खाली टाकले आणि आकाश आसवांनी भिजवलं. छापील क्रम असा की आधी तारे, आसवं, मग प्रश्न, आपलं काम बघून तो हसला का? ज्यानं कोकरू घडवलं त्यानंच तुला घडवलं का? कवितेतला सगळ्यात मोठा प्रश्न कडव्याच्या शेवटी येतो. वहीत मात्र हे उलटं लिहिलं गेलं होतं, हसण्याची आणि कोकराची ओळ वर आणि तारे-आसवं खाली, मधे घोटा आणि गुडघा यांची एक ओळ होती ती खोडलीय, आणि मग समासात ओळींना आकडे टाकून क्रम फिरवलाय. त्या चार आकड्यांनी जे साधलं ते दुसऱ्या कुठल्या बदलानं साधलेलं नाही असं मला वाटतं. स्वतः करून बघा, कोकराचा प्रश्न आधी आणि तारे नंतर अशा क्रमानं मोठ्यानं वाचा: प्रश्न विचारला जातो आणि मग त्याच्यावर ताऱ्यांचं देखणं चित्र पांघरूण घातल्यासारखं येऊन बसतं, प्रश्न बुजतो. फिरवल्यावर आधी आकाश रडतं आणि त्या रडण्याच्या पार्श्वभूमीवर कुणीतरी हसतोय का, हे विचारलं जातं. शब्द तेच आहेत.

आणि ते हसणंही. वहीत 'लाफ' आहे, म्हणजे आवाज करून हसणं. छापील कवितेत 'स्माइल', म्हणजे नुसतं ओठांवरचं. मराठीत आपण दोन्हीला हसणंच म्हणतो पण खळखळून हसला आणि गालात हसला यातला फरक कुणाला सांगायला नको. खळखळून हसणारा घडवणारा एकतर आनंदानं वेडा झालाय किंवा दुष्ट आहे, निवाडा लगेच होतो. गालातल्या हसण्याचा अर्थ लागत नाही, समाधान आहे की अभिमान की आणखी काही. पुन्हा तीच दिशा, वाचणाऱ्याला निवाडा करायला मदत होईल असं जे जे काही होतं ते निघून गेलंय. दोन वेगवेगळ्या ठिकाणी बदल एकाच बाजूला झुकताना दिसले की मगच मी 'कवीचा कल' हा शब्द वापरायला धजतो, एका ठिकाणावरून नाही.

'कुड' आणि 'डेअर' यांची पण वहीत बरीच ये-जा आहे, 'करू शकेल' आणि 'करायला धजेल'. आपल्याला फायनलमध्ये दिसतं की पहिल्या कडव्यात 'कुड' आणि शेवटच्या कडव्यात, बाकी ओळी जवळपास तशाच असताना, 'डेअर'. सुरुवातीला प्रश्न ताकदीचा होता, शेवटी हिमतीचा झाला. कोकराच्या ओळीतही वहीत आधी 'डिड', मग खोडून 'डेअर', आणि छापताना परत 'डिड'. ही परत फिरलेली दुरुस्ती खूप काही सांगते, कारण नुसती फायनल बघणाऱ्याला तिथे काही घडलंय हेच कळणार नाही. सगळीकडे 'डेअर' पेरला असता तर शेवटच्या कडव्यातल्या त्या एका शब्दाचा धक्का बोथट झाला असता, म्हणून मागे घेतला असावा. हेही तिसऱ्या रकान्यात, पेन्सिलनं.

आता 'छापलेली आवृत्ती' या शब्दाबद्दल, कारण तोही दिसतो तितका सरळ नाही. बऱ्याच कवींच्या बाबतीत खर्डा आणि पुस्तक यांच्यामधे संपादक असतो, छापखाना असतो, विरामचिन्हं भलत्यानंच घातलेली असतात, आणि आपण ती कवीची निवड समजून त्यावर पानंच्या पानं लिहितो. म्हणून मधल्या टप्प्यावर कुणाचे हात लागलेत हे आधी शोधायचं. ब्लेकच्या बाबतीत ही अडचण कमी आहे कारण तो पेशानं कोरीवकाम करणारा होता, कविता आणि चित्र तो स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर उलट्या अक्षरांत लिहायचा, आम्लानं उठाव द्यायचा, छापायचा आणि मग प्रती हातानं रंगवल्या जायच्या. म्हणजे त्या तुटक्या ओळीतली दोन्ही प्रश्नचिन्हं, एक हातानंतर आणि एक पायांनंतर, जी वहीत नाहीत, ती त्याच्याच हातची आहेत. कडवं खोडल्यावर ओळ लोंबकळत राहिली हे त्याच्या लक्षातच आलं नाही असं कुणी म्हणत असेल तर ही प्रश्नचिन्हं बघावीत. लक्षात न आलेल्या ठिकाणी माणूस दोन प्रश्नचिन्हं घालत नाही.

पण तांब्याच्या पत्र्याची एक गंमत आहे, त्यावर नंतर दुरुस्ती करणं फार अवघड. आणि ती ओळ कुणाला ना कुणाला टोचत राहिली हे दिसतं. 1806 मध्ये बेंजामिन हीथ मॅल्किन यांनी आपल्या पुस्तकात ही कविता साध्या छापील अक्षरांत दिली, त्यात ओळ अशी आहे की कुठल्या भयंकर हातानं तुझे भयंकर पाय *ठोकून घडवले*. आणि ब्लेकच्या स्वतःच्या संग्रहाच्या एका प्रतीत शाईनं ओळ बदललेली आहे, कुठल्या भयंकर हातानं तुझे भयंकर पाय *घडवले*. दोन्हीकडे क्रियापद आलं, व्याकरण बसलं, वाक्य पूर्ण झालं. आणि पायांचा मालक बदलला! खर्ड्यात ते घडवणाऱ्याचे होते, भट्टीकडे चालत जाणारे, इथे ते वाघाचे झाले. मधल्या तांब्याच्या पत्र्यावर ते दोघांपैकी कुणाचेही असू शकतात, वाघ आणि त्याला घडवणारा त्या एका तुटक्या ओळीत वेगळे काढता येत नाहीत.

म्हणजे माझं जुनं वाचन, की पाय वाघाचेच, अगदीच टाकाऊ नव्हतं. आणि खर्डा बघून मी जे ठामपणे म्हणायला लागलो होतो की नाही, पाय घडवणाऱ्याचे, तेही तितकंच चुकीचं होतं. खोडलेलं कडवं हा छापील कवितेचा लपवलेला अर्थ नसतो, ते कवीनं नको म्हणून सोडलेलं असतं, आणि ते परत आणून कवितेत भरलं तर आपण त्याची निवडच पुसून टाकतो.

1827 मध्ये ब्लेक वारला. त्याच्या आदल्या वर्षाच्या सुमाराला, म्हणजे पत्रा तयार होऊन तीस वर्षं उलटल्यावर, त्यानं या संग्रहाच्या काही प्रती परत छापून रंगवल्या. क्रियापद घातलेली दुरुस्ती तोपर्यंत कागदावर येऊन गेली होती, निदान मॅल्किनच्या पुस्तकात तरी, आणि छापलेल्या पानावर शाईनं एक शब्द बदलणं काही अवघड नव्हतं. त्या शेवटच्या प्रतींत ओळ तशीच आहे, बिनक्रियापदाची, दोन प्रश्नचिन्हांची.